पाळीवरचा वाटाड्या



तुमच्या गावाला पाहुणे आले आणि म्हणाले, "आम्हाला तुमचं गाव दाखव," तर तुम्ही काय दाखवाल? देऊळ, शाळा, बाजार आणि मग? बरेच जण इथंच अडतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात मात्र जवळजवळ प्रत्येक गावाजवळ दाखवण्यासारखी एक गोष्ट असते. ती म्हणजे तलाव. आज मी तुम्हाला तलाव दाखवणाऱ्या एका मुलाची हकीकत सांगणार आहे.

हा मुलगा माझ्या चौथीच्या वर्गात होता. आता तो कॉलेजात शिकतो. आमचं गाव नवेगावबांधपासून फार लांब नाही. नवेगावच्या जंगलात आणि मोठ्या तलावावर नागपूरचे, भंडाऱ्याचे पाहुणे येतात, त्यातले काही जण आमच्या गावातही डोकावतात. गेल्या हिवाळ्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, रविवारी पाहुणे येऊन रायले. तलाव दाखव म्हणतात. का सांगू त्याईले?"

मी म्हटलं, "तुला माहीत आहे ते सांग." माझं हे उत्तर चुकलं, कारण आपल्याला नेमकं काय माहीत आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

रविवारी त्याने पाहुण्यांना पाळीवर नेलं आणि जोरात सांगितलं, "हा तलाव हजार वर्षं जुना आहे. एवढा जुना तलाव अख्ख्या भारतात नाही!" पाहुण्यांत एक आजोबा होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "कशावरून?" आमचा वाटाड्या गप्प! पुढे दोन तास तो जे जे बोलला, त्यातलं खरं असलेलंसुद्धा आजोबांना खरं वाटेना. पाहा, एका थापेने किती नुकसान केलं!

सोमवारी तो पडलेल्या चेहऱ्याने परत आला. मग आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि कागदावर तीन रकाने पाडले. पहिल्यावर लिहिलं 'दाखवता येतं', दुसऱ्यावर 'लिहिलेलं सापडतं' आणि तिसऱ्यावर 'लोक सांगतात'. जे वाक्य या तिन्हींपैकी एकातही बसत नाही, ते पाहुण्यांसमोर बोलायचं नाही, असं ठरवलं. हजार वर्षांचं वाक्य तिथंच खोडलं गेलं.

आता पहिला रकाना भरू या. तलावावर दाखवता काय येतं?

सगळ्यात आधी पाळ. पाळ म्हणजे मातीचा बांध. जुन्या लोकांनी चारही बाजूंनी भिंत घातली नाही. दोन टेकड्यांच्या मधली किंवा दोन चढांच्या मधली सखल जागा त्यांनी शोधली आणि तेवढ्याच तोंडावर पाळ घातली. बाकीच्या बाजूंचं काम जमिनीचा उतार फुकट करतो. पाहुण्यांना पाळीच्या मध्यावर उभं करा आणि विचारा, "पाणी इथंच का थांबलं?" ते इकडेतिकडे बघतात, चढ-उतार त्यांच्या लक्षात येतो आणि चेहरा खुलतो. आपण सांगितलेलं माणूस विसरतो, पण स्वतः शोधलेलं विसरत नाही.

मग तुडूम. पाळीच्या आतल्या बाजूला पाणी सोडण्याची ही जागा. जुन्या तुडुमाला पायऱ्यांसारखी रचना असायची आणि वेगवेगळ्या उंचीवर भोकं असायची. त्या भोकांना लाकडी बुचं मारलेली असत. धानाला पाणी हवं झालं की सर्वांत वरचं बूच काढायचं. पाणी त्या भोकाच्या खाली गेलं की त्याखालचं बूच काढायचं. त्यामुळे पाणी एकदम धो-धो सुटत नाही, हळूहळू पाटाने शेतात जातं. बऱ्याच तलावांवर आता तुडुमाच्या जागी लोखंडी दरवाजे बसले आहेत. आमच्या तलावावरही तसंच आहे. मग आमच्या वाटाड्याने काय केलं? त्याने पत्र्याचा एक जुना डबा घेतला, खिळ्याने त्याच्या बाजूला एकाखाली एक अशी तीन भोकं पाडली आणि त्यांत काड्या खोचल्या. डब्यात पाणी भरून तो पाहुण्यांच्या मुलांना एकेक काडी काढायला लावतो. तुडूम म्हणजे काय, हे मग वेगळं सांगावंच लागत नाही.

तिसरी गोष्ट सलंग. तलाव काठोकाठ भरला की जास्तीचं पाणी जिथून वाहून जातं, ती पाळीच्या एका टोकाची वाट म्हणजे सलंग. ती पाळीच्या माथ्यापेक्षा खाली असते, आणि ते मुद्दामच. मातीची पाळ बाजूने पाण्याचा दाब सहन करते, पण पाणी तिच्या डोक्यावरून वाहू लागलं की माती धुपते, घळ पडते आणि बघता बघता पाळ फुटते. खोटं वाटतं? अंगणात चिखलाची वीतभर पाळ करा आणि तिच्यामागे पाणी भरत जा. पाणी वरून ओलांडलं की काय होतं ते पाहा. मग दुसरी पाळ करा, तिच्या टोकाला थोड्या खालच्या पातळीवर वाट ठेवा आणि त्या वाटेत चपटे दगड बसवा. दोन्हींतला फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

आता दुसरा रकाना, लिहिलेलं काय सापडतं?

इथं एक गंमत सांगते. पाहुणे फलकावर 'मामा तलाव' वाचतात आणि विचारतात, "हा कोणाच्या मामाचा?" मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'! मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा. तलाव त्याच्या ताब्यात असे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि नावामागे 'माजी' लागलं. पाहुणे हसतात आणि हसता हसता इतिहासाचा एक तुकडा घरी घेऊन जातात.

शोधताना मात्र एक अडचण येते. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला झाला. त्याआधी तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता. त्यामुळे जुन्या पुस्तकांत 'गोंदिया जिल्हा' शोधाल तर काहीच मिळणार नाही. 'भंडारा' शोधायचं! इंग्रजांच्या काळातल्या भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरात नवेगावच्या तलावाची नोंद आहे. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं त्यात म्हटलं आहे. तलावाचा घेरही दिला आहे, 17 मैल, म्हणजे साधारण 27 किलोमीटर. ताशी चार किलोमीटरने न थांबता चालत राहिलात तरी एक फेरी घालायला पावणेसात तास लागतील!

आता पाहा, "हजार वर्षं जुना" यापेक्षा "सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एका शेतकरी पाटलाने बांधला" हे वाक्य लहान आहे की मोठं? मला तरी मोठं वाटतं. कोहळी ही आमच्याकडची तलाव बांधण्यात आणि पाणी राखण्यात तरबेज असलेली शेतकरी जमात. म्हणजे ज्यांनी हे तलाव बांधले, त्यांचे नातू-पणतू आजही इथं धान लावतात. हे सांगताना आमच्या वाटाड्याची मान आपोआप ताठ होते.

तिसरा रकाना, लोक काय सांगतात?

नवेगावच्या तलावाभोवती सात शिखरं आहेत. त्यांना सातबहिणी म्हणतात. या सात बहिणींनी कोलू पाटलाला बांध घालायला मदत केली, अशी श्रद्धा आहे. पुढे लोक कोलू पाटलालाच कोलासुर देव म्हणून पुजू लागले. ही कथा सांगायची नाही का? जरूर सांगायची! पण सुरुवात "आमच्याकडे असं सांगतात" अशी करायची. कथेची थट्टा करायची नाही आणि तिला इतिहासही म्हणायचं नाही. एवढी दोन पथ्यं पाळली की ऐकणाराही खूश आणि देवाला मानणारी आजीही खूश.

या रकान्यात आपल्या गावातल्या माणसांचं बोलणंही येतं. मारुती चितमपल्ली हे मोठे लेखक वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. त्यांनी तिथल्या तलावाची आणि पाखरांची कितीतरी माहिती माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या स्थानिक जाणकारांकडून घेतली. एवढा मोठा माणूस गावकऱ्यांना विचारतो, मग आपण का लाजायचं? आमचा वाटाड्या आमच्या गावातल्या एका ढिवर काकांकडे तीन संध्याकाळी जाऊन बसला. कोणत्या महिन्यात कोणता मासा मिळतो, जाळं कसं विणतात, पाणी कुठं खोल आहे, सगळं त्याने लिहून घेतलं. जाताना विचारलंही, "काका, हे पाहुण्यांना सांगितलं तर चालेल ना?" काका म्हणाले, "सांग ना. पर मीच येतो, जाळं दाखवतो." झाला की नाही फायदा?

आता जरा गंभीर गोष्ट. दुसऱ्या फेरीच्या दिवशी एक प्रसंग घडता घडता टळला. सलंगेच्या दगडांवरून पाण्याचा पातळ थर वाहत होता. दिसायला अगदी निरुपद्रवी, पण त्याखाली हिरवं शेवाळ होतं. पाहुण्यांची आठ वर्षांची मुलगी फोटोसाठी धावली आणि दुसऱ्याच पावलाला घसरली. खाली खोल डोह होता. तिथंच उभ्या असलेल्या ढिवर काकांनी तिचा दंड पकडला आणि ओरडले, "जाऊ नोका गा तिकडं!" मुलगी रडली, गुडघा खरचटला, बाकी काही झालं नाही. आमचा वाटाड्या मात्र त्या वेळी तीस पावलं पुढे होता. त्याला ते दिसलंही नव्हतं!

त्या रात्री त्याने वहीत जे लिहिलं, तेच तुम्हाला सांगते. एकट्याने कधीच न्यायचं नाही. पुढे एक आणि सर्वांत मागे एक, असे दोघं हवेत. निघताना डोकी मोजायची, प्रत्येक थांब्यावर मोजायची आणि परतल्यावर पुन्हा मोजायची. सलंगेवर पाय ठेवायचा नाही. ती दहा पावलांवरून दाखवायची. पाण्यात कोणी उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी नाही. काठाजवळ गाळ असतो आणि कमळाच्या देठांत पाय अडकतात. पोहणाऱ्यालाही तिथं पोहता येत नाही. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटायची. पावसाळ्यात पाळ ओली आणि निसरडी असते, तेव्हा फेरीच ठेवायची नाही. आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की गोष्ट अर्धवट सोडून, उंच पाळीवरून आणि एकट्या झाडाखालून निघून, पक्क्या घरात जायचं.

एक आणखी, आग्या मोहोळाचं. मोठ्या झाडावर मोहोळ असेल तर त्या वाटेने जायचंच नाही. आदल्या संध्याकाळी जाऊन वाट बघून यायची ती यासाठीच. तरी माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत. तोंड-डोकं कपड्याने झाकून लांब पळत सुटायचं आणि घरात किंवा गाडीत शिरायचं. पाण्यात उडी मारायची नाही. जवळच्या दवाखान्याचं नाव आणि 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर खिशातल्या चिठ्ठीवर हवाच. मोबाईलची रेंज गेली की मोबाईलमध्ये साठवलेली माहितीच तेवढी मिळते, आणि चार्जिंग संपलं तर तीही नाही!

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न, पैसे किती घ्यायचे?

पहिल्या रविवारी त्याने काहीच ठरवलं नव्हतं. आजोबांनी दोनशे रुपये दिले, ते त्याने घेतले. पुढच्या वेळी मोठी गाडी बघून त्याने पाचशे सांगितले. नेमके ते त्या आजोबांचे नातेवाईक निघाले! "परवा आमच्या काकांकडून दोनशे घेतले, आज पाचशे का?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. गाडी बघून भाव सांगितला की असंच होतं. घरी वडीलही रागावले, "पाण्याकाठी फिरवायचे पैसे कायचे घेतं रे?"

मी त्याला म्हटलं, "चल, हिशेब मांडू. मग वडिलांनाही दाखव आणि पाहुण्यांनाही."

समजा आठ जणांचा गट आहे आणि फेरी दोन तासांची आहे. पण त्याचं काम दोन तासांचं नाही. आदल्या संध्याकाळी वाट बघून यायला एक तास, आणि त्या दिवशी काकांना निरोप, चहाची सोय, पाहुण्यांची वाट पाहणं यात आणखी एक तास. म्हणजे झाले चार तास. तासाचे 100 रुपये धरले तर 400. मागे चालणाऱ्या मित्राचे दोन तासांचे 200. जाळं दाखवणाऱ्या काकांचे 150. आजीच्या घरी आठ जणांचा चहा, प्रत्येकी 10 प्रमाणे 80. पट्ट्या, औषध, साखर-मिठाच्या पाण्याची पेटी भरून ठेवायला दर फेरीमागे 20. बेरीज करा. 400, 200, 150, 80 आणि 20 मिळून 850. कधी पाहुणे ऐन वेळी येत नाहीत, तेव्हा आदल्या दिवसाची मेहनत वाया जाते. त्यासाठी 50 बाजूला. एकूण 900 रुपये. आठ जणांत वाटले तर माणशी साडेबाराशेच्या नाही, फक्त एकशे साडेबारा रुपयांच्या घरात जातात, नेमके सांगायचे तर 112 रुपये 50 पैसे.

आता फक्त तीन मोठी माणसं आली तर? त्यांच्याकडून 900 घेणं जड होईल. मागचा माणूस म्हणून काकाच चालतात. चहा तिघांचा 30. मग 400, 150, 30 आणि 20 मिळून 600. म्हणजे माणशी 200. बरोबर लहान मूल असेल तर मात्र मागचा मित्र हवाच, त्याचे पैसे वाचवायचे नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर चहात वाचवा, मागच्या माणसात नाही.

हे दोन दर त्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले. खाली लिहिलं, 'यात चहा आणि जाळ्याचं प्रात्यक्षिक आलं. वेगळी बक्षिसी मागितली जाणार नाही. पावसामुळे किंवा विजांमुळे फेरी अर्ध्यात थांबली तर अर्धे पैसे परत.' फोन आला की आधी दर सांगायचा, मग वेळ ठरवायची. मोठी गाडी असो की एस. टी.ने आलेले असोत, दर तोच.

'अर्धे पैसे परत' या ओळीवर तो अडला होता. "बाई, मी तर मेहनत केलीच ना!" मी म्हटलं, "ही ओळ नसली तर ढग गडगडताना तुझ्या मनात काय येईल?" तो जरा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "पैशासाठी पुढं नेईन." "आणि सगळेच पैसे परत द्यायचे असते तर?" "तरीही पुढं नेईन!" मग अर्ध्यावर दोघांचं एकमत झालं. पाहा, दर आणि सुरक्षितता या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात, पण असतात एकाच गाठीत.

वडिलांना त्याने हिशेबाचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि एकच विचारलं, "काकाचे दीडशे त्याईच्या हातात देतं ना?" तो "हो" म्हणाला. त्यानंतर घरात पैशांवरून वाद झाला नाही.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. शाळेतल्या मुलांनी एकट्याने पाहुण्यांना पाण्याकाठी, गडावर किंवा गुहेकडे नेऊ नये, आणि पैशांसाठी तर नाहीच. आमचा वाटाड्या अठरा वर्षांचा पूर्ण झालेला आहे. लहान मुलांनी गोष्टी गोळा कराव्यात, डब्याचं तुडूम करावं, घरच्या मोठ्या माणसाबरोबर जाऊन ते दाखवावं. आणि कुठंही फिरायला गेलात तर वाटाड्याला दर आधी विचारा, ठरलेला दर घासाघीस न करता द्या. त्याच्यामागे किती तास आहेत, ते आता तुम्हाला माहीत आहे.

मुलांनो, या आठवड्यासाठी एक काम. आपल्या गावातली एक जागा निवडा. तलाव, विहीर, देऊळ, जुनी शाळा, काहीही चालेल. कागदावर तेच तीन रकाने पाडा आणि प्रत्येकात तीन-तीन वाक्यं लिहा. मग घरातल्या सगळ्यांत जास्त शंका काढणाऱ्या माणसाला ती वाचून दाखवा. त्याने "कशावरून?" विचारलं की बोट रकान्यावर ठेवायचं.

ते नागपूरचे आजोबा या हिवाळ्यात पुन्हा आले होते, बरं का! पाळीवर उभं राहून त्यांनी मुद्दाम विचारलं, "काय रे, हा तलाव हजार वर्षांचा ना?"

आमचा वाटाड्या हसला आणि म्हणाला, "नाही आजोबा. या तलावाचं साल मला अजून लिहिलेलं सापडलं नाही. सापडलं की तुम्हाला फोन करतो."

आजोबांनी खिशातून वही काढून आपला नंबर लिहून दिला.

तुमच्या बाई